लाडाचा मेसेज सासरच्या ग्रुपवर

प्रसंग असा धरू. नवरा पुण्यात नोकरीला, बायको नाशिकला एका बँकेत. शुक्रवारी रात्री तो घरी येतो. गुरुवारी दुपारी डबा खाता खाता ती त्याला मेसेज टाकते, ‘उद्या आल्या आल्या जेवायला मागू नकोस. आधी मी 😘’ मेसेज जातो आणि उमटतो सासरच्या ग्रुपवर. ग्रुपवर सव्वीस माणसं आहेत. सासू-सासरे, चुलत सासरे, आत्या, दोन दीर, जाऊ, कॉलेजात जाणारी पुतणी, आणि आईचा फोन सदैव स्वतःच्या हातात ठेवणारा आठवीतला भाचा. मेसेजच्या अगदी वर सासूबाईंनी दोन मिनिटांपूर्वी टाकलेला लोणच्याच्या कैऱ्यांचा फोटो आहे.

यात कोणी काही वाईट केलेलं नाही. नवरा-बायकोचं बोलणं आहे आणि तेही गोड. तरीही तिचे कान तापतात, हातपाय गार पडतात. पुढच्या पाच मिनिटांत ती काय करते, यावर हा प्रसंग घरातली हसरी आठवण होणार की सणावारी मान खाली घालायला लावणारी गोष्ट, हे बरंचसं ठरतं. म्हणून या पाच मिनिटांकडे जरा बारकाईने बघायला हवं.

आधी बोट घसरतं कसं ते पाहू, कारण तिथेच निम्मं समाधान आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ साली अशा चुकांची वर्गवारी केली होती. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. विचारच चुकला तर ती एका जातीची चूक. विचार बरोबर होता पण हात भलतीकडे गेला, तर ती दुसऱ्या जातीची. या दुसऱ्या जातीचं एक उदाहरण त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात दिलं आहे. धावून आलेला एक विद्यार्थी घामाने भिजलेला शर्ट धुण्याच्या टोपलीत टाकायला जातो आणि तो टाकतो कमोडमध्ये. दोन्ही वस्तू वरून उघड्या, आकारही साधारण सारखा. हाताने तेवढंच पाहिलं.

व्हॉट्सॲपवरची प्रत्येक चॅट दिसायला सारखीच असते. तोच हिरवा रंग, तळाशी तीच लिहायची जागा. त्यात यादी स्थिर नसते. ज्या चॅटवर नवा मेसेज येतो ती उडी मारून वर जाते. आपल्या सुनेचं नेमकं हेच झालं. नवऱ्याचं नाव वर होतं, बोट खाली येईपर्यंत कैऱ्यांचा फोटो आला, ग्रुप वर सरकला आणि बोट ग्रुपवर पडलं. नोटिफिकेशनवरूनच उत्तर देणं ही दुसरी घसरगुंडी. फोटो किंवा रील ‘शेअर’ करताना नावांच्या यादीत शेजारच्या नावावर टिचकी पडणं ही तिसरी. अशा वेळी माणसाच्या मनात काही दडलेलं होतं आणि ते बाहेर पडलं, असा अर्थ काढणारे घरोघरी भेटतात. तसं काही नसतं. मेसेज लिहिताना सगळं लक्ष मजकुरावर असतं आणि पत्ता हात सवयीने भरून टाकतो. मजकूर जितका गोड, तितकं पत्त्याकडे दुर्लक्ष जास्त.

आता पहिलं मिनिट. या मिनिटात सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे घाईघाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबणं. मेसेज दाबून धरला, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह आलं, की दोन पर्याय पुढे येतात. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ म्हणजे सगळ्यांच्या फोनवरून जाईल. ‘डिलीट फॉर मी’ म्हणजे फक्त माझ्या डोळ्यांसमोरून जाईल, बाकी पंचवीस जणांकडे तसाच राहील. थरथरत्या बोटाने दुसरं दाबलं की तिच्या फोनवर सगळं स्वच्छ दिसतं आणि ग्रुपवर मेसेज मजेत बसलेला असतो. वर मेसेज तिच्या पडद्यावरूनच गेल्यामुळे तो आता सगळ्यांकडून काढायची वाटही बंद होते. या चुकीने इतक्या लोकांची दाणादाण उडवली, की २०२२च्या डिसेंबरात व्हॉट्सॲपने त्यावर उपाय आणला. ‘डिलीट फॉर मी’ दाबल्यावर खाली ‘अनडू’ असं दिसतं आणि ते पाच सेकंद टिकतं. तेवढ्यात दाबलं तर मेसेज परत येतो आणि मग योग्य पर्याय निवडता येतो.

पाच सेकंदही निसटले तर आणखी एक वाट असते. ग्रुपचा ॲडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकू शकतो. सासरच्या ग्रुपचा ॲडमिन बहुधा एखादा तरुण दीर किंवा पुतण्या असतो. त्याला सरळ फोन करायचा. ‘अरे, माझा शेवटचा मेसेज काढून टाक, चुकून पडलाय,’ एवढं पुरे. ॲडमिनने काढलेल्या मेसेजच्या जागी त्याने काढला असं दिसतं, पण त्याला इलाज नाही. फोनच करायचा, मेसेज नाही. मेसेज तो कधी बघेल याचा भरवसा नाही, आणि या घडीला आणखी एक मेसेज टाइप करणं धोक्याचंच.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ला किती वेळ मिळतो, याबद्दल अजूनही जुनेच आकडे लोकांच्या डोक्यात आहेत. २०१७ साली ही सोय आली तेव्हा फक्त सात मिनिटं मिळायची. पुढे तास-सव्वा तास मिळू लागला आणि २०२२च्या ऑगस्टपासून दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणजे अर्धा मिनिट थांबून श्वास घ्यायला हरकत नाही. त्या अर्ध्या मिनिटात एक गोष्ट करून घ्यावी. मेसेज दाबून धरायचा आणि ‘इन्फो’ बघायचं. तिथे मेसेज कुणी वाचला आणि कुणापर्यंत नुसता पोहोचला, अशा दोन याद्या दिसतात. ज्यांनी आपल्या निळ्या खुणा बंद केल्या आहेत, तेही ग्रुपमध्ये या यादीत दिसतात, कारण ग्रुपमध्ये त्या बंद करता येत नाहीत. आपल्या सुनेने पाहिलं तेव्हा पाच जणांनी वाचला होता. आत्या, जाऊ, पुतणी, धाकटा दीर आणि चुलत सासरे. नवऱ्याचं नाव नुसतं ‘पोहोचला’मध्ये होतं. तो मीटिंगमध्ये होता.

ही यादी पाहायची कशासाठी? पुढचं बोलणं किती मोठं करायचं ते तिच्यावरून ठरतं म्हणून. कुणीच वाचला नसेल तर मेसेज काढायचा आणि ‘चुकून इकडे आला होता’ एवढं लिहून मोकळं व्हायचं. पाच-सात जणांनी वाचला असेल तर थोडं जास्त बोलावं लागेल. पण यादीवर पूर्ण विसंबू नये. नोटिफिकेशनच्या पट्टीत मेसेज वाचून चॅट न उघडणारी माणसं या यादीत येत नाहीत. शिवाय कुणी तोवर त्या मेसेजला धरून उत्तर दिलं असेल, तर त्या उत्तराच्या डोक्यावर तो मजकूर तसाच राहू शकतो. पुतणीने ‘काकूऽऽऽ 😂😂’ असं लिहिलंच होतं, आणि लिहिलं होतं त्या मेसेजला धरूनच. म्हणून पुसून टाकल्याने सारं पुसलं जातं या भ्रमात राहायचं नाही. तरीही काढायचाच, असं माझं ठाम मत आहे. तो आठवीतला भाचा संध्याकाळी ग्रुप वर सरकवत जाणार असतो आणि त्याच्यासाठी तरी ती जागा रिकामी असावी.

दुरुस्तीचा मोहही अनेकांना होतो. २०२३च्या मे महिन्यापासून मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटं तो बदलता येतो. सुनेला वाटू शकतं की ‘आधी मी’च्या पुढे ‘पोळ्या करते’ जोडलं की झालं. वाक्य सोज्वळ होतं खरं, पण त्या 😘 चं काय करायचं? शिवाय बदललेल्या मेसेजवर तशी खूण दिसते आणि पाच माणसांनी मूळ मेसेज वाचलेला असतो. त्या पाचांच्या डोळ्यांदेखत केलेली ही सारवासारव मूळ मेसेजपेक्षा जास्त लाजवते.

इथपर्यंत झालं फोनचं काम. खरं काम यानंतर सुरू होतं, आणि बहुतेक जण तेच सोडून देतात. मेसेज काढला, फोन उलटा ठेवला, संपलं असं समजतात. ग्रुपवर मात्र एक ओळ उरते, की इथला मेसेज काढून टाकला आहे. ज्यांनी वाचला नाही त्यांना आता नक्की काय होतं हे कळायलाच हवं असतं. ज्यांनी वाचला आहे ते इकडेतिकडे फोन करतात. चुप्पी जितकी लांबते तितकी गोष्ट फुगते.

गुन सेमिन आणि अँटनी मॅनस्टेड या दोन संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. त्यांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. सुपरमार्केटमध्ये एका ग्राहकाचा धक्का लागून टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्यांची रास कोसळते. एका चित्रफितीत तो माणूस ओशाळतो, दुसरीत काही झालंच नाही अशा चेहऱ्याने वावरतो. काहींमध्ये तो रास परत रचतो, काहींमध्ये तशीच टाकून निघून जातो. पाहणाऱ्यांना ओशाळलेला माणूस शांत चेहऱ्याच्या माणसापेक्षा जास्त आवडला. ओशाळणं म्हणजे आपली फजिती असं आपण समजतो. पाहणाऱ्याला मात्र त्यातून वेगळंच कळतं. या माणसाला इतरांची पर्वा आहे, हे त्याला त्या चेहऱ्यावर दिसतं.

आता हा प्रयोग ग्रुपला लावून बघा. समोरासमोर असं काही निसटलं तर चेहरा लाल होतो, माणूस जीभ चावतो, पदर तोंडाला लावतो, आणि बघणारे हसून सोडून देतात. चॅटमध्ये यातलं काहीच दिसत नाही. मेसेज गुपचूप काढून गप्प बसलेली सून घरात लाजेने अर्धी झालेली असली, तरी ग्रुपवरच्या माणसांना ती राशीला धक्का देऊन सरळ चेहऱ्याने निघून गेलेल्या ग्राहकासारखी दिसते. तिचं लाजणं त्यांच्यापर्यंत पोहोचवायचं असेल तर ते शब्दांत लिहावं लागतं. दुसरी वाट नाही.

आपल्या सुनेने चार मिनिटांत हे लिहिलं, ‘वरचा मेसेज एकाच माणसासाठी होता. तो सोडून सगळ्यांनी वाचला, त्याने अजून उघडलेलाही नाही! मोठ्यांनी माफ करावं 🙏 मी आता डोक्यावरून पदर घेऊन बसते.’

या तीन वाक्यांत काय काय साधलंय ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या वाक्यात चूक कबूल झाली आणि मेसेज कुणासाठी होता तेही नाव न घेता कळलं. त्यामुळे तर्कवितर्कांना जागा राहिली नाही. दुसऱ्या वाक्यात विनोद आहे आणि तो परिस्थितीतून आला आहे. ज्याला कळायला हवं त्यालाच कळलं नाही, ही गोष्ट मुळात गमतीची आहे आणि तिने ती फक्त बोलून दाखवली. तिसऱ्यात मोठ्यांचा मान राखला आणि स्वतःचं लाजणं दाखवलं, पण हसतमुखाने. मूळ मेसेजचा उल्लेख कुठेही पुन्हा आला नाही. हे फार महत्त्वाचं. ‘मी म्हणत होते की आधी मी…’ असं स्पष्टीकरण सुरू झालं असतं तर ज्यांनी वाचला नाही त्यांनाही सगळं कळलं असतं.

विनोद कुणावर करायचा याचं भान सुटलं की खेळ बिघडतो. नवऱ्यावर केला (‘त्यालाच घाई असते’) तर तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. वाचणाऱ्यांवर केला (‘तुम्हीपण तरुणपणी काय काय लिहिलं असेल’) तर चुलत सासऱ्यांना काय उत्तर द्यावं ते कळत नाही आणि ते दुखावतात. लागोपाठ चार स्टिकर, माकडाने डोळे झाकलेली चित्रं, पुन्हा माफी, पुन्हा हसणं, असं चालू राहिलं की प्रत्येक वेळी सव्वीस फोन वाजतात आणि विसरायला निघालेले लोक परत येऊन बघतात. म्हणून एकदाच लिहायचं आणि ग्रुपवरून बाजूला व्हायचं. संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकायचंच नाही असं नाही. उलट तासा-दोन तासांनी कैऱ्यांच्या फोटोला ‘आई, यंदा किती किलो घातलंत?’ असं नेहमीसारखं विचारलं तर गाडी रुळावर येते.

खोटं मात्र बोलू नये. ‘माझा फोन हॅक झालाय’ ही हल्लीची सगळ्यांत सोपी सबब आहे आणि सगळ्यांत महागात पडणारीही. व्हॉट्सॲप खातं बळकावून नातेवाईकांकडे पैसे मागणारे भामटे खरोखर आहेत. त्यामुळे हॅक म्हटलं की आत्या घाबरून तिचा नंबर ब्लॉक करते, दीर बँकेत कळवायला सांगतो, कुणीतरी पोलिसांत जायचा सल्ला देतो. लाजेची गोष्ट काळजीची होते, आणि आठ दिवसांनी खरं बाहेर आलं की विश्वास जातो तो वेगळाच. ‘मुलाने फोन घेतला होता’ ही सबब त्याहून वाईट. ज्या मुलाने काहीच केलेलं नाही त्याला घरभर प्रश्न विचारले जातात.

ओळ लिहून झाली की पुढचं काम ग्रुपवरची माणसं करतात. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५०च्या दशकात लाज आणि प्रतिष्ठा या विषयांवर जे लिहिलं, त्यातला एक मुद्दा इथे अगदी ठळक दिसतो. चारचौघांत एखाद्याची पत घसरू लागली की ती सावरायची धडपड तो एकटा करत नाही. आजूबाजूचे लोकही करतात, कारण एकाची पडलेली पत सगळ्यांनाच अवघड करते. आपल्या ग्रुपवर जाऊबाईंनी लिहिलं, ‘जेवण मी पाठवते, काळजी नको 😄’ धाकट्या दिराने क्रिकेटचा स्कोअर टाकला. सासरे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला त्यांचं झेंडूच्या फुलांचं ‘शुभ सकाळ’ नेहमीच्या वेळेला आलं आणि त्यात सगळं आलं. अशा वेळी गप्प बसणाऱ्यांना लोक रागावलेले समजतात. बऱ्याचदा ती मोठ्यांची सांभाळून घ्यायची रीत असते. म्हणून ‘बाबा, तुम्ही रागावलात का?’ असं ग्रुपवर विचारून त्यांना बोलायला लावणं म्हणजे त्यांनी झाकलेलं आपणच उघडणं.

सासूबाईंना मात्र तिने संध्याकाळी वेगळा फोन केला. ज्यांच्याशी रोजचं बोलणं आहे आणि ज्यांना आपण सर्वांत जास्त मानतो, अशा एका माणसाशी आवाजाने बोलावं. सव्वीस जणांशी बोलायची गरज नसते.

‘आई, दुपारी ग्रुपवर माझ्याकडून जरा…’

‘कसलं गं? मला चष्म्याशिवाय काही वाचता येत नाही.’

‘तुम्ही कैऱ्यांचा फोटो तर टाकलात.’

‘फोटो टाकायला चष्मा कशाला लागतो? बरं, उद्या तो येतोय ना, साटोऱ्या देऊन पाठवते दिराबरोबर.’

इथे सुनेने ‘नाही, पण खरंच सॉरी’ म्हणत राहायचं नाही. सासूबाईंनी दार लोटून घेतलं आहे, ते उघडं धरून ठेवण्यात काही शहाणपण नाही. ‘बरं आई, चार जास्तच पाठवा,’ म्हणून फोन ठेवायचा.

आणखी एक माणूस आहे ज्याचा या गडबडीत विसर पडतो. ज्याच्यासाठी मेसेज होता तो. त्याची खासगी गोष्टही सव्वीस जणांसमोर गेली आहे. त्याला ग्रुपवरून कळायच्या आत कळवायला हवं, ‘मीटिंग संपली की आधी मला फोन कर, ग्रुप उघडू नकोस.’ त्याने ग्रुपवर येऊन काय बोलायचं ते दोघांनी ठरवावं. नवऱ्याने पाठोपाठ येऊन ‘चूक माझीच, मीच शिकवलं 😜’ असं काही टाकलं तर सगळं परत पेटतं. ‘मीटिंगमध्ये होतो, पण निरोप मिळाला 🙏’ एवढं त्याने लिहिलं तर उत्तम. लग्न न झालेल्यांच्या बाबतीत हा मुद्दा याहून मोठा आहे. घरी अजून सांगितलेलं नसतं आणि मेसेजमधून ते नाव किंवा ते नातं बाहेर पडतं. तेव्हा दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय ग्रुपवर नाव सांगू नये. ‘मेसेज खासगी होता, चुकून इथे आला, माफ करा. घरी सविस्तर बोलेन,’ असं लिहायचं आणि बोलेन म्हटलं की खरंच बोलायचं, आई-बाबांशी, त्याच आठवड्यात. इथे विनोद नको. आई-बाबांना जे हवं आहे ते हसण्यावारी नेलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

चिडवणं पुढेही होतं, हे गृहीतच धरावं. गणपतीत सगळे जमले की पुतणी किंवा दीर पंगतीत काहीतरी बोलणारच. ज्यांचं चिडवणं लवकर संपतं, त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. ते स्वतःच आधी हसतात आणि एक वाक्य बोलून विषय दुसऱ्यावर नेतात. लाल होऊन उठून गेलं की पुढच्या वर्षीही तेच होतं. कुणी मर्यादा सोडून बोललं, विशेषतः लहान मुलांसमोर, तर मात्र हसायची सक्ती नाही. ‘पुरे आता’ असं शांतपणे म्हणावं, आणि तेवढ्यापुरते जाऊबाईंनी किंवा सासूबाईंनी शब्द उचलून धरले तर फार बरं होतं.

इथवर सगळे मेसेज होते शब्दांचे. खासगी फोटो चुकून गेला असेल तर सगळं वेगाने करावं लागतं आणि विनोदाला जागा नसते. आधी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. पण फोटो अनेकांच्या फोनमध्ये आपोआप उतरलेला असतो. आयफोनवर तो फोटोंच्या संग्रहात गेला असेल, तर चॅटमधून काढला तरी तिथे राहू शकतो. म्हणून ज्यांनी पाहिला त्यांना एकेकट्याने, सरळ शब्दांत सांगायचं की गॅलरीतूनही काढून टाका. असा फोटो संमतीशिवाय पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. फोटो पुढे गेल्याचं कळलं तर cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. इथे ज्याच्याकडून चुकला त्याने लाजून गप्प बसायचं काही कारण नाही.

कामाच्या जागी तर नियमच वेगळे. समवयस्क सहकाऱ्यांच्या जेवणाच्या ग्रुपवर बायकोला लिहिलेलं ‘माझी राणी’ पडलं तर घरच्यासारखीच एक हसरी ओळ चालते. पण साहेबाचा लाडिक मेसेज चुकून हाताखालच्या मुलीला गेला, शिक्षकाचा विद्यार्थिनीला गेला, तर तिथे हसणं हा त्यांच्यावर दुसरा भार होतो. तिला खरं-खोटं माहीत नसतं. तिने हसावं अशी अपेक्षा आली की नकार द्यायची जागाच जाते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात नकोसा वाटणारा शृंगारिक शेरा हाही छळच धरला आहे. हेतू नव्हता हे खरं असलं तरी ते तिला कळवणं पाठवणाऱ्याचं काम आहे, तिने ओळखून घ्यायचं नाही.

अशा मेसेजचं उत्तर साधं असावं. ‘हा मेसेज माझ्या पत्नीसाठी होता, चुकून तुम्हाला आला. माझी चूक आहे, त्याबद्दल क्षमा मागतो. तुम्ही काही उत्तर द्यायची गरज नाही.’ एकही इमोजी नाही. ‘कुणाला सांगू नका’ असं तर अजिबात नाही. तिथेच ती चूक दबावात बदलते. मग आपणच आपल्या वरिष्ठांना किंवा मनुष्यबळ विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावं. ऑफिसच्या चॅटवरून मेसेज काढून टाकला तरी त्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहिलेली असू शकते. ती उद्या दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी आपण सांगितलेलं बरं. दुसऱ्या दिवशी तिच्याशी कामापुरतं, नेहमीच्या आवाजात बोलावं. तिचं उत्तर आलं नाही, तर ‘वाचलंत का?’ असा दुसरा मेसेज पाठवायचा नाही.